कंट्रोलर आप्पांची साडेसातची गोळी

उदगीरच्या बसस्थानकावर रेवणप्पांनी चौतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची एकोणीस वाहतूक नियंत्रक म्हणून. ह्या पदाला गावात कोणी वाहतूक नियंत्रक म्हणत नाही, कंट्रोलर म्हणतात, आणि ते निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना कंट्रोलर आप्पाच म्हणतात. शिट्टी त्यांनी डेपोत जमा केली. वेळ मात्र जमा केली नाही, ती घरी घेऊन आले.

आप्पांच्या घरात सगळं वेळेवर सुटतं. पाणी साडेपाचला, चहा सहाला, पेपर सव्वासहाला, आणि साडेसातला गोळी. चौदा वर्षांपूर्वी साखरेचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी एक गोळी सकाळी आणि एक संध्याकाळी लिहून दिली. तोंडी सांगितलं, "जेवायच्या आधी घ्या, चुकवू नका, आणि दर तीन महिन्यांनी येऊन दाखवा." ह्यातल्या पहिल्या दोन सूचना आप्पांनी शिरसावंद्य मानल्या. तिसरी त्यांना डॉक्टरांनी सभ्यपणे केलेलं आमंत्रण वाटली. जेवायला या म्हटल्यावर कोणी लगेच जातं का?

ते डॉक्टर पुढं हैदराबादला मुलाकडं निघून गेले. चिठ्ठी मात्र राहिली. घड्यांवर फाटली तेव्हा आप्पांनी ती चिकटपट्टीनं सांधली, आणि त्या चिठ्ठीवर चौदा वर्षं तीच गोळी येत राहिली. माणूस बदलला, दात गेले, तीन भाकरींची एक झाली, पायांवर सूज यायला लागली. गोळी तीच, तेवढीच, साडेसातला.

आणि गंमत अशी की गुण येत होता. वय वाढेल तशी लोकांची साखर वाढते, आप्पांची उतरत होती. दीडशेची एकशेवीस, एकशेवीसची नव्वद. गेल्या वर्षी एकदा लॅबमध्ये उपाशीपोटी बासष्ट आली. लॅबवाल्यानं "दाखवून घ्या" म्हणून सांगितलं. आप्पांनी तो रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला आणि गल्लीत दाखवून घेतला.

"बासष्ट," ते म्हणायचे. "पंचाहत्तरीत. ह्याला म्हणतात कंट्रोल."

शेजारी चांदपाशा राहतात. हे त्याच डेपोतले ड्रायव्हर, आप्पांपेक्षा चार वर्षांनी लहान, आणि एकोणीस वर्षं आप्पांच्या शिट्टीवर गाडी काढलेले. त्यांनाही साखर आहे. त्यांची कधी एकशेऐंशी, कधी दोनशे. आप्पा त्यांना लॅमिनेट केलेला रिपोर्ट वर्षातून दोनदा वाचायला देत.

"पाशा, तुझी गाडी नेहमीच ओव्हरस्पीड."

"तुमची स्टँडातून हलती का तेवढं बघा साहेब," चांदपाशा म्हणायचे. ह्यापलीकडं ते काही म्हणू शकत नव्हते. बासष्टपुढं दोनशेला तोंड वर करता येत नाही.

आता आप्पांच्या पूजेचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथंच घडलं.

आप्पा लिंगायत. गळ्यात इष्टलिंग. डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय पोटात अन्नाचा कण नाही, हा नेम. नोकरीत होते तेव्हा पूजा दहा मिनिटांत आटपायची, कारण आठची लातूर गाडी आप्पांच्या शिट्टीसाठी थांबलेली असायची. साडेसातला गोळी आली तेव्हाही पावणेआठला पूजा उरकून आठला तीन भाकरी व्हायच्या. पण घरी बसलेल्या माणसाची पूजा वाढत जाते. दहाची वीस मिनिटं झाली, वीसची पंचेचाळीस, आणि अलीकडं तर साडेआठला बसलेले आप्पा अकराला उठायचे. जेवण अकराला. गोळी साडेसातला. डॉक्टरांनी जेवायच्या आधी म्हटलं होतं आणि आप्पा जेवायच्या आधीच घेत होते. किती आधी, हे चिठ्ठीवर नव्हतं.

सुरुवात साधारण संक्रांतीनंतर झाली. दहा-साडेदहाच्या सुमाराला पूजेत आप्पांच्या कपाळावर घाम यायला लागला. थंडीच्या दिवसांत घाम. भस्माचे पट्टे ओघळून भुवयांत उतरायचे. मग हात थरथरायला लागले. मग नजर कुठंतरी पलीकडं जायला लागली. आणि एका सोमवारी, डोळे अर्धे मिटलेले असताना, आप्पा भरल्या आवाजात बोलले, "देगलूर गाडी रद्द. प्रवाशांनी नोंद घ्यावी."

त्या वेळी ओसरीवर अमृतराव मास्तर बसलेले होते. अमृतराव म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, भाविक, आणि हाताशी नेहमी वही असलेले. दुसऱ्या दिवशी ते देगलूरला भाच्यासाठी मुलगी बघायला जाणार होते. ते गेले नाहीत. आठ दिवसांनी कळलं की त्या मुलीचं आधीच ठरलेलं होतं.

अमृतरावांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि तारीख घातली.

झालं. दर सोमवारी ओसरी भरायला लागली. कोणी आजारी नातू घेऊन, कोणी कोर्टाची तारीख घेऊन. आप्पांना कोणी काही विचारायचं नाही, असा अमृतरावांचा नियम. नुसतं बसायचं. साडेदहाच्या आसपास घाम फुटला की मास्तर ओठांवर बोट ठेवायचे, आणि मग आप्पांच्या तोंडून जे येईल ते. येणारं सगळं एसटीचं असायचं, कारण आप्पांच्या डोक्यात दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं. "नांदेड, मार्गे मुखेड, फलाट दोन." एका बाईनं दोन नंबरच्या वकिलाला केस दिली. "सुट्टे पैसे ठेवा." एकानं जमिनीचा तुकडा सुटा करून विकला. "बीदर गाडी लागलेली आहे, घाई करा." हे ऐकून बीदरच्या स्थळाला होकार गेला आणि ते लग्न चांगलं चाललंय, हे कबूल केलं पाहिजे.

पूजा संपून एक भाकरी, वरण आणि मोठा गुळाचा खडा पोटात गेला की आप्पा परत आप्पा व्हायचे. साडेअकराला त्यांना विचारलं तर काही आठवायचं नाही. अमृतराव वही वाचून दाखवायचे. आप्पा मान हलवायचे. पहिल्या पहिल्यांदा त्यांना संकोच वाटला. मग वाटेनासा झाला. माणसाला आयुष्यभर लोकांनी फक्त गाडी कधी आहे एवढंच विचारलेलं असतं, आणि म्हातारपणी तीच गाडी सांगितल्यावर लोक हात जोडतात. कोणाला नको असेल?

एकट्या शरणम्मांना नको होतं. शरणम्मा ह्या आप्पांच्या पत्नी. त्या पूजेच्या वेळी आप्पांच्या डाव्या बाजूला बसायच्या, आणि थरथर सुरू झाली की आपली ओंजळ नवऱ्याच्या तळहाताखाली धरायच्या, लिंग पडू नये म्हणून. लोकांना ती पतिभक्ती वाटायची. त्या मनातल्या मनात घाबरलेल्या असायच्या.

"अवो, घाम बघा किती आलाय," त्या एकदा नंतर म्हणाल्या. "लिंबाच्या पाण्यासारखा गार. डॉक्टरला दाखवू या एकदा."

"देवाच्या पुढं बसल्यावर घाम येतो."

"माझ्या आईला जन्मभर न्हाई आला. ती रोज बसायची."

"सगळ्यांना येतो का? तीच तर बाब हाय."

"आन् परवा मला म्हणालात, ताई, तिकीट दाखवा."

आप्पांनी वर बघितलं. "दाखवलं का मग?"

शरणम्मांनी पदर खोचला आणि आत गेल्या. ह्या माणसाशी अठ्ठेचाळीस वर्षं बोलून झालेलं होतं.

मग आला श्रावणातला तिसरा सोमवार. श्रावणी सोमवारी आप्पांचा उपास, तो सूर्यास्तानंतर सुटायचा. आदल्या संध्याकाळी पोट जड म्हणून त्यांनी कपभर दुधावर भागवलं होतं, संध्याकाळची गोळी मात्र चुकवली नव्हती. सोमवारी सकाळी साडेसातला सकाळची घेतली. शरणम्मा म्हणाल्या होत्या, "आज पोटात काहीच न्हाई जायचं, आज नका घेऊ."

आप्पांनी त्यांच्याकडं अशी नजर टाकली, जशी उशिरा आलेल्या ड्रायव्हरकडं टाकायचे. "उपास देवाचा हाय. गोळी डॉक्टरची हाय. एकाच्या नावावर दुसऱ्याला दांडी मारायची का?"

आणि साडेआठला ते बसले.

त्या दिवशी ओसरीवर पन्नासेक माणसं होती. अमृतरावांनी नवी वही आणली होती. दहाला घाम आला. साडेदहाला धोतर भिजलं. पावणेअकराला आप्पा सलग बोलायला लागले, लातूर, नळेगाव, देवणी, निलंगा, पुन्हा लातूर. अमृतराव लिहिता लिहिता मागं पडले. सव्वाअकराला बोलणं चिखलात रुतल्यासारखं झालं. शब्द ओळखू येईनात. लोकांनी हात जोडले. मास्तर हळूच म्हणाले, "आज फार वर गेलेत."

चांदपाशा त्याच वेळी दारात आले होते. दर सोमवारी ते गर्दीच्या मागं उभं राहून साहेबांकडं बघायचे आणि न बोलता परत जायचे. दुसऱ्याच्या पूजेत आपलं काय काम, असा त्यांचा शहाणपणा. आज मात्र ते गेले नाहीत. पंखा चालू, बाहेर पावसाळी हवा, आणि आप्पांचा सदरा पाठीला चिकटलेला. तीन वर्षांपूर्वी रमजानमध्ये चांदपाशांनी डॉक्टरांना न विचारता नेहमीच्याच मात्रेत गोळी घेऊन रोजा धरला होता. तेव्हा दुपारी भाजीवाल्यापुढं त्यांचा सदरा अस्साच चिकटला होता आणि त्यांना भाजीवाले दोन दिसले होते.

ते चपला काढून ओसरीवर चढले. गर्दीतून वाट काढत शरणम्मांजवळ गेले. "अक्का, हा घाम देवाचा नाई दिसत मला. साखर पडलीय."

"मास्तर म्हणतात—"

"मास्तरांना साखर आहे का? मला आहे." मग ते आप्पांसमोर उकिडवे बसले. "साहेब, मी कोण? ओळखा."

आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. फार लांबून बघावं तसं बघितलं. "गाडी... मागं घे," ते म्हणाले.

"वळखलं," मागून कोणीतरी कुजबुजलं. "ड्रायव्हरला गाडी मागं घ्यायला सांगितली."

चांदपाशांनी तिकडं लक्ष दिलं नाही. शेजारच्याच घरातून त्यांनी साखर मोजायचं स्वतःचं यंत्र मागवलं, आप्पांच्या बोटाला सुई टोचली आणि पट्टीला रक्त लावलं. पाच सेकंदांत आकडा आला. एक्केचाळीस.

"पाण्यात तीन-चार चमचे साखर घाला अक्का. लवकर."

ओसरी हलली. अमृतराव उठून उभे राहिले. "पूजा पूर्ण झालेली नाही. आज सोमवार आहे. आप्पांचा चाळीस वर्षांचा नेम आहे, तो तुम्ही मोडणार?"

ह्या प्रश्नाला उत्तर द्यायला तिथं चांदपाशा सर्वांत चुकीचे गृहस्थ होते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी शरणम्मांकडं बघितलं.

शरणम्मांनी नवऱ्याच्या थरथरत्या तळहातावरचं लिंग दोन्ही हातांनी उचललं, डोळ्यांना लावलं, वस्त्रात गुंडाळून त्यांच्या गळ्यात घातलं आणि पेला घेतला. "नेमाचं मी बघते मास्तर," त्या म्हणाल्या. "देवाला मी सांगीन. तुम्ही वही मिटा." आणि आप्पांना गिळता येतंय का हे आधी एका घोटानं बघून त्यांनी सगळा पेला पाजला.

पंधरा मिनिटांनी यंत्रावर चौऱ्याहत्तर आले. आप्पांनी डोळे पुसले, ओसरीवर नजर फिरवली आणि म्हणाले, "पाशा, तू इथं काय करतोस?"

लोकांनी निःश्वास टाकला. काहींनी जरा निराशेनं टाकला.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. संपली नाही, कारण आप्पांना काय झालं ते कळलं आणि ते संतापले. चांदपाशा म्हणाले, "साहेब, आता भाकरी खा. साखरेचं पाणी तासभर टिकंल, गोळी दिवसभर टिकती." शरणम्मा ताट घेऊन आल्या. आप्पांनी ताट सरकवलं. पाजलं ते औषध होतं, ते पोटात गेलं तर गेलं. जेवण म्हणजे उपास मोडणं. ते सूर्यास्तानंतर.

"आन् मी बरा हाय," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी साखर वाढवून ठेवलीय. चौऱ्याहत्तर. सकाळपासून कंट्रोलमध्ये होती."

ते खोलीत जाऊन झोपले. ओसरी पांगली. अमृतराव तेवढे राहिले, वही मिटून.

चार वाजता शरणम्मा चहाला उठवायला गेल्या. आप्पा घोरत होते. हाक मारली, उठले नाहीत. हलवलं, उठले नाहीत. उशी ओली होती. अमृतराव दारातून डोकावले आणि आवाज खाली करून म्हणाले, "समाधी असावी. हात लावू नका."

चौदा वर्षांत आणि सात महिन्यांच्या सोमवारांत शरणम्मा एकदाही ओरडल्या नव्हत्या. आता त्या शेजारच्या भिंतीकडं तोंड करून ओरडल्या, "पाशाभाई."

चांदपाशा आले तेव्हा शरणम्मांच्या हातात साखरेच्या पाण्याचा पेला तयार होता आणि त्या आप्पांचं तोंड उघडायला बघत होत्या. चांदपाशांनी पेला काढून घेतला. "नको अक्का, नको. शुद्धीत नाईत. गिळता येत नाई, छातीत जाईल पाणी. आता दवाखाना."

रिक्षा आली. अमृतरावांनी पाय धरले, चांदपाशांनी खांदे. मास्तरांच्या चेहऱ्यावर अशी कळा होती की बिचाऱ्यांकडं बघवेना. ते रिक्षात पुढं बसले आणि दवाखाना येईपर्यंत रिक्षावाल्याला तीनदा म्हणाले, "जरा घाई करा."

दवाखान्यात डॉक्टर अलीझा होत्या. वय तिशीचं, आवाज बारीक, पण वॉर्डात सगळे त्या आवाजाला चळचळा कापतात. आप्पांची साखर अठ्ठावीस निघाली. शिरेतून ग्लुकोज गेलं. काही मिनिटांत आप्पांनी डोळे उघडले, छताकडं बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"हे घड्याळ चार मिनिटं मागं हाय," ते म्हणाले.

शरणम्मांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळलं नाही, आणि त्यांनाही बहुधा कळलं नसावं.

आप्पांना लगेच घरी जायचं होतं. डॉक्टरांनी सोडलं नाही. सलाईन चालू ठेवली, दर तासाला बोट टोचलं. सहाला एकशेदहा होती, आठला पुन्हा साठ. चालू सलाईनमध्ये. पुन्हा ग्लुकोज. आप्पांना हे पटेना. एकदा गाडी रुळावर आल्यावर परत परत घसरते कशी?

सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट आणि ती चिकटपट्टीची चिठ्ठी समोर धरली. आप्पा, शरणम्मा आणि चांदपाशा ऐकायला. अमृतराव खुर्चीवर जरा लांब.

"आप्पा, तुम्ही कंट्रोलर होतात म्हणे," डॉक्टर म्हणाल्या.

"एकोणीस वर्षं."

"मग समजा, रक्त म्हणजे तुमचं स्टँड. साखर म्हणजे प्रवासी. इन्सुलिन म्हणजे गाड्या, प्रवाशांना उचलून अंगात गावोगाव पोचवणाऱ्या. स्वादुपिंड म्हणजे डेपो, तिथून गाड्या निघतात. शहाणा डेपो प्रवासी बघून गाडी सोडतो. तुमची ही गोळी, ग्लिबेनक्लामाइड, सल्फोनिलयुरिया जातीची. ती स्टँडावर बघतच नाही. ती नुसती शिट्टी मारते. प्रवासी असोत नसोत, गाडी काढ. जेवलात तर ठीक, प्रवासी असतात. नाही जेवलात तर?"

"रिकामी जाती," आप्पा म्हणाले.

"रिकामी गेली असती तर बरं झालं असतं. ती स्टँडावर जो उभा असेल त्याला उचलते. चहावाला, हमाल, झाडूवाली. शेवटी कंट्रोलरलाही. डोकं साखरेवरच चालतं आप्पा. ते उचललं की माणूस बायकोला तिकीट विचारतो."

शरणम्मांनी नवऱ्याकडं नुसतं बघितलं.

"पण मी तर चौदा वर्षं घेतो," आप्पा म्हणाले. "एक दिवस चुकली न्हाई."

"म्हणून तर. चौदा वर्षांपूर्वी तुमच्या किडन्या धडधाकट होत्या. शिट्टी मारून झाली की ह्या गोळीला आणि तिच्यापासून अंगात जे तयार होतं त्याला बाहेर काढायचं काम बरंचसं किडनीचं. म्हणजे रिलीव्हर. वेळेवर आला, ड्युटी बदलली. आता तुमचं क्रिएटिनिन दोन पूर्णांक सहा आहे. रिलीव्हर येतच नाही. कालचा कंट्रोलर अजून स्टँडावर उभा आहे, त्यात आज सकाळचा येऊन उभा राहतो. दोघं मिळून शिट्ट्या मारतात. इन्सुलिनही थकलेल्या किडनीत जास्त वेळ रेंगाळतं. म्हणून रात्री ग्लुकोज देऊनही साखर पडली. म्हणूनच तुम्हाला सोडलं नाही."

चांदपाशांनी मान हलवली. ओव्हरटाइम त्यांना लगेच समजला.

"आणि वय," डॉक्टर पुढं म्हणाल्या. "खाणं कमी झालं, त्यामुळं यकृतात अडीअडचणीची साखर ठेवलेली असते ती कमी. तरुण माणसाला साखर पडली की छाती धडधडते, भूक खवळते, अंग ओरडून सांगतं. म्हाताऱ्या माणसात, आणि वारंवार पडत असेल तर, ती घंटाच हळू वाजायला लागते. घंटा ऐकू येण्याआधीच माणूस बरळायला लागतो. घरचे म्हणतात, वय झालं. नाहीतर..."

नाहीतर काय, ते डॉक्टरांना माहीत नव्हतं. अमृतरावांना माहीत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"म्हणजे बासष्ट," आप्पा म्हणाले, "ती चांगली नव्हती?"

"किडनी बिघडत होती तशी गोळी जास्त चढत होती. म्हणून उतरत होती साखर. तुम्ही कंट्रोल समजत होता."

आप्पांनी समोरचा रिपोर्ट उलटा करून ठेवला. लॅमिनेट केलेला आठवत असावा. मग त्यांनी जे विचारलं त्याची कोणालाच अपेक्षा नव्हती.

"गोळी बंद केली, तर सोमवारी पूजेत जे बोलणं येतं, ते बंद होईल?"

"व्हायला पाहिजे."

"सगळं?"

"आप्पा, काल वाचलात. पुढच्या सोमवारी कदाचित दार बंद असेल, घरी कोणी नसेल."

आप्पांनी तोंड भिंतीकडं केलं. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडं गेल्या. थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, "पाशा, तुला सांगतो. त्या टायमाला लई हलकं वाटायचं रे. सगळ्या गाड्या दिसायच्या. सगळ्या टायमात."

"मलाबी दिसले होते ना साहेब, दोन भाजीवाले," चांदपाशा म्हणाले. "दोघंबी महाग देत होते."

आप्पा हसले नाहीत. पलंगावरची पिशवी त्यांनी जवळ ओढली. त्यात गोळ्यांची पाकिटं होती, दवाखान्यातही साडेसातला लागतील म्हणून त्यांनीच सांगून आणवलेली. पिशवीवर हात ठेवून ते बसून राहिले. डॉक्टर काढून घेऊ शकल्या असत्या, पण उद्या घरी गेल्यावर तीच चिठ्ठी, तेच दुकान आणि तेच साडेसात. हे शरणम्मांना कळत होतं. त्या पलंगाजवळ स्टुलावर बसल्या.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "सात महिने माझे हात तुमच्या हाताखाली हायेत. लोकं बघत होती तुमच्या तोंडाकडं. मी बघत होते हाताकडं, कधी पडतंय म्हणून. मला एक बी सोमवार पूजा करता आली न्हाई."

आप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. ओळखून बघितलं. मग पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"डॉक्टरीणबाईंना दे," ते म्हणाले. "सही द्या म्हणावं, मिळाल्याची."

डॉक्टरांनी त्या जातीची गोळीच बंद केली. किडनीला झेपेल अशी दुसरी गोळी दिली, ती जेवल्यावर साखर चढली तरच काम करते, रिकाम्या स्टँडावर शिट्टी मारत नाही. साखर एकशेऐंशीपर्यंत गेली तरी ह्या वयात चालेल, असं बजावलं, तेव्हा चांदपाशांनी साहेबांकडं बघायचं मोठ्या मनानं टाळलं. किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. दर महिन्याला यायला सांगितलं, आणि तारीख लिहिली, वेळ लिहिली. वेळ लिहिल्यावर आप्पा येणार, हे त्यांनी दोन दिवसांत ओळखलं होतं.

पूजेचं आप्पांनी मठात जाऊन स्वामींना विचारलं. स्वामी म्हणाले, देवाला पहाटेही सवड असते. आता ते पाचला बसतात, साडेसहाला उठतात, सातला भाकरी खातात. श्रावणातला पुढचा उपास त्यांनी डॉक्टरांना विचारून केला, म्हणजे फळं आणि दूध घेऊन केला, आणि तो उपासच आहे असं स्वतःला चार वेळा सांगितलं.

तरीही श्रावण संपल्यावरच्या सोमवारी साडेदहाला लोक आले. सवय होती. अमृतरावही आले, रिकाम्या हातांनी. आप्पा ओसरीवर पेपर वाचत बसलेले. कपाळ कोरडं, भस्म जागच्या जागी. लोक बसले. आप्पा वाचत राहिले. पावणेअकराला एका म्हाताऱ्या बाईला राहवलं नाही. "आप्पा, काही तरी बोला की."

आप्पांनी पेपर खाली घेतला. सगळ्यांकडं नीट, एकेकाकडं बघितलं. त्यांच्या मनात काहीतरी चाललं होतं, ते तोंडावर आलं आणि परत गेलं.

"काय बोलू बाई," ते म्हणाले. "मला काही दिसत न्हाई. कुणाला साखर असंल तर सांगा, जेवून आलात का एवढं विचारतो."

मग एकेक जण उठला. पायऱ्या उतरताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, "पयल्यासारखं राहिलं न्हाई आप्पांत." दुसरा म्हणाला, "वय झालं."

अमृतराव मात्र शेवटपर्यंत बसून होते. सगळे गेल्यावर ते खुर्ची ओढून जवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "आप्पा, मलाही आहे. चार वर्षं. सकाळी गोळी घेतो आणि शिकवणीला जातो. जेवायला बारा वाजतात."

"कंची गोळी?"

अमृतरावांनी खिशातून पाकीट काढलं. आप्पांनी चष्मा चढवला, नाव दोनदा वाचलं, आणि आत हाक मारली, "अगं, मास्तरांना भाकरी वाढ. आत्ता."

शरणम्मांनी दोघांनाही वाढली. आपली सातलाच झालीय, हे आप्पा विसरले होते, आणि शरणम्मांनी आठवण करून दिली नाही.